राता भाताचं बी आणि मांजर

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तक्रार केलीत, की नवीन आणलेलं मांजर सोफ्याखालून बाहेर येत नाही, हाक मारली तरी बघत नाही, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा मात्र पहिल्याच दिवशी तुमच्या मागे पळायला लागला. तुमच्या आईचं म्हणणं पडलं, की मांजर बहुतेक बिघडलेलं आहे, बदलून मिळेल का बघू. तेव्हा फोन मध्येच तुटला आणि मला उत्तर द्यायचं राहिलं. उत्तर जरा लांब आहे, म्हणून लिहून पाठवते. मांजर बिघडलेलं नाही. ते तसं का आहे हे मला पुस्तकातून माहीत होतंच, कॉलेजात मी इतकी वर्षं प्राणिशास्त्रच शिकवलं. पण त्या माहितीचा खरा उपयोग करायची वेळ गेल्या दिवाळीत आली, आमच्या चुलत जावेच्या भातापायी.

ही माझी धाकटी चुलत जाऊ. तिचं घर आमच्या परसाला लागून आहे. तिच्या मालकीचं थोडं खारजमिनीतलं शेत खाडीच्या बांधाला टेकून आहे. त्या जमिनीत बाजारातलं सुधारित बी टिकत नाही, खाऱ्या पाण्याने पिवळं पडून जातं. तिथे पिकतं ते राता नावाचं जुनं लाल भात. त्याचं बी दुकानात मिळत नाही. ज्याच्या घरात आहे त्याच्याच घरात असतं, आणि आता आमच्या गावात ते जवळजवळ तिच्याच घरात उरलं आहे. बाकीच्यांनी आपली खारजमीन कोळंबीच्या तलावांना भाड्याने देऊन टाकली.

बी ती कणगीत ठेवते. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली उंच गोल टोपली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. घराच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे ती उभी असते. गेल्या पावसाळ्यात तिची म्हातारी मांजरी रस्त्यावर टेम्पोखाली गेली. त्यानंतर गणपती येईपर्यंत उंदरांनी त्या खोलीत आपलं बस्तान बसवलं. खाण्याचा तांदूळ गेला त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण त्या वर्षी पेरणीनंतर हाताशी ठेवलेलं जास्तीचं बी तिने सुपात काढून बघितलं, तर अर्ध्याला कोंब यायची जागाच कुरतडलेली. उंदीर दाण्याचा तो मऊ भाग आधी खातो.

माझे दीर, म्हणजे तिचे यजमान, साधे हिशेबी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "औंदाचं बी असंच गेलं तर शेत कोळंबीवाल्याला देऊन टाकू. तो दोनदा येऊन गेला हाय."

"माझ्या सासूने दिलेलं बी हाय त्ये," जाऊ म्हणाली.

"मी कुठं म्हनलो उंदरांना बोलाव म्हनून?"

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. 

पहिला उपाय दिरांनीच केला. त्यांच्याकडे एक तांबूस कुत्रा आहे, तो त्यांच्यामागे शेतावर जातो, स्कूटर निघाली की फाट्यापर्यंत धावतो. त्याला त्यांनी खोलीत नेऊन कणगीकडे बोट दाखवलं आणि "छू" म्हणाले. कुत्र्याला बोट कळतं. माणूस कुठे दाखवतो आहे तिथे बघायचं, हे कुत्र्याच्या पिल्लालाही फारसं शिकवावं लागत नाही. तो गेला, त्याला वास लागला, आणि मालक मागे उभा राहून शाबासकी देतो आहे म्हटल्यावर त्याला इतका चेव आला, की त्याने पुढच्या पंजांनी कणगीचं लिंपण उकरून काढलं आणि कामट्यांना भगदाड पाडलं. उंदीर दुसऱ्या बाजूने गेला. भात जमिनीवर सांडलं.

"शाबास," जाऊ म्हणाली. "उंदरांना दार नव्हतं, त्ये पन करून दिलंस."

मी तिला सुचवलं, की बी पत्र्याच्या पिंपात ठेव. तिने मान हलवली. पत्र्यात बी घामेजतं, मग उगवत नाही, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खोटं नाही. भात पुरतं वाळलेलं नसेल तर बंद पिंपात ओल कोंडते आणि कोंब मरतो. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास खाडीवरची दमट हवा असते, त्यात भात पुरतं वाळवणं कठीणच. तेव्हा कणगीच लिंपून नीट करायची आणि मांजर आणायचं, असं ठरलं.

मांजर आणायचं म्हणजे कुठून, हे ठरायच्या आत कापणी आली. राता भात उशिरा तयार होतं. शेत कडेकडेने कापत आत येतात, त्यामुळे शेवटी मधे जो उभ्या भाताचा तुकडा राहतो त्यात शेतातले सगळे लपलेले जीव गोळा होतात, पाणकोंबड्या, साप, उंदीर. त्या शेवटच्या तुकड्यात, बांधाच्या लव्हाळ्याला लागून, दिरांना दोन पिल्लं सापडली. त्यांनी ती घमेल्यात घालून डोक्यावरून घरी आणली आणि बायकोसमोर ठेवली.

"घे तुझं मांजर. एक न्हाय, दोन."

मला जाऊने लगेच बोलावलं. मी गेले तेव्हा ती एका पिल्लाला मानेच्या कातड्याला धरून जात्याभोवती फिरवत होती. आमच्याकडे नवीन कोंबडी, शेळी किंवा मांजर आणलं की त्याला जात्याभोवती फिरवतात, म्हणजे ते घर विसरत नाही. पिल्लू फिस्कारत होतं, आणि तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

"आक्का, कशी हायेत बगा. आताच असली तिखट हायेत, मोठी झाल्यावर उंदराची जातच ठेवायची न्हाय."

मी पिल्लू उजेडात धरून पाहिलं. पाय अंगाच्या मानाने लांब. शेपूट आखूड, टोकाकडे काळी वळी. कानाच्या टोकांना अगदी बारीक काळे केस. अंगावर फिकट पट्टे होते, पण ते या जातीत लहानपणीच असतात, पुढे पुसट होऊन अंग मातकट होतं. तसं मोठं झालेलं एक मी पाहिलेलंही होतं, एकदा सकाळी बांधावरून शांतपणे चालत जाताना. लव्हाळ्यात आणि खाजणात, म्हणजे खाडीच्या दलदलीत, राहणारं हे रानमांजर. आमच्या खाडीकाठी पुष्कळ आहेत, दिसत नाहीत इतकंच.

"ही घरातली नव्हेत," मी म्हटलं. "रानमांजराची आहेत. ठेवता येणार नाहीत. कायद्याने पण नाही आणि तुझ्या कामाची पण नाहीत."

"मांजर त्ये मांजर," ती म्हणाली. "लहानपनापासून दूध घातलं की मानसाळतं."

"काही महिने माणसाळल्यासारखं दिसेल. मोठं झालं की निघून जाईल, नाहीतर तुझ्या कोंबड्या खाईल."

तिने पिल्लू घमेल्यात ठेवलं आणि पदराने अंगठा दाबला. मग तिने जे विचारलं, ते माझ्या वर्गात इतक्या वर्षांत एकाही मुलाने विचारलं नव्हतं.

"आक्का, मंग तुमच्या-आमच्या घरातलं मांजर कुठून आलं? त्ये पन कवातरी रानातच व्हतं ना? कुन्यातरी बाईनं पयलं पिल्लू धरून घरी आनलंच असंल की. तिला जमलं, मला का न्हाय जमायचं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मी तिला तिथेच, घमेल्याशेजारी बसून दिलं. तुम्हालाही तेच सांगते, थोडं नीट लावून.

पहिलं पिल्लू धरून आणणारी अशी कुणी एक बाई बहुतेक नव्हतीच. आपली मांजरं ज्या रानमांजरापासून आली ते इथलं नव्हे. ते पश्चिम आशियात आणि आफ्रिकेच्या उत्तरेकडे राहणारं, लहान, पट्ट्यापट्ट्यांचं रानमांजर. त्या भागात माणसाने जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वी गहू आणि जव पेरायला आणि साठवायला सुरुवात केली. धान्य साठलं तिथे उंदीर आले. उंदीर आले म्हणून रानमांजरं वस्तीच्या कडेला घुटमळायला लागली. त्यातली जी फार भित्री किंवा फार तापट होती ती माणूस दिसला की पळाली, उपाशी राहिली किंवा मारली गेली. जी माणसाचा वावर सोसू शकत होती ती कोठाराजवळ राहिली, तिथेच व्याली. त्यांची पिल्लं अजून थोडी धीट. असं शेकडो पिढ्या चाललं. माणसाने त्यांना फक्त हाकललं नाही. मग धान्याच्या गलबतांवरून, उंदरांच्या मागोमाग, ती बंदराबंदरातून जगभर गेली. आपल्या किनाऱ्यावरही बरीचशी तशीच आली असावीत.

"म्हंजे धरून न्हाय आनलं," जाऊ म्हणाली. "आपनहून आलं."

"आपणहून आलं, आणि आपल्याला परवडलं म्हणून राहिलं."

"आनि कुत्रा?"

कुत्र्याचं वेगळं. कुत्रा लांडग्यापासून झाला, आणि तोही बहुधा आधी माणसाच्या उष्ट्याच्या वासाने आला असेल. पण तो फार आधी आला, शेतीच्याही आधी, माणूस शिकार करून फिरत होता तेव्हा. लांडगा कुटुंब करून राहतो. आईबाप पुढे, पोरं मागे, शिकार सगळ्यांनी मिळून. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, तो काय करतो आहे ते ओळखायचं, त्याच्याबरोबर धावायचं, हे त्याच्या रक्तातच होतं. माणसाच्या टोळीत त्याला फक्त कुटुंब बदलावं लागलं. नंतर माणसाने त्याला कामं लावली, राखण, मेंढरं वळणं, शिकार. जो कुत्रा ऐकतो त्याचीच पिल्लं ठेवली. हजारो वर्षं माणूस कुत्र्यामध्ये आपलं ऐकणं निवडत आला.

मांजराचा पूर्वज मात्र एकटा राहणारा, एकटा शिकार करणारा. त्याला लागतो आपला टापू आणि त्या टापूतला उंदीर. त्याला कुणाच्या तोंडाकडे बघून जगावं लागत नाही. उंदीर धरण्याचं काम त्याला येतच होतं, ते शिकवायची गरज पडली नाही, म्हणून माणसाने ऐकणारं मांजर कधी निवडलंच नाही. त्याचं शरीरही रानमांजरापेक्षा फारसं बदललेलं नाही. हाडं शेजारी ठेवली तर कुठलं घरचं आणि कुठलं रानातलं हे सांगायला माणूस जाणता लागतो.

जाऊने पदर पुन्हा अंगठ्याभोवती गुंडाळला.

"मंग मला आता हजारो वर्सं थांबायला सांगता का? पेरनी मिरगाला हाय."

मी वनखात्याच्या आमच्या भागातल्या वनरक्षकांना फोन केला. ते तासाभरात मोटारसायकलवर आले. त्यांना अशा फोनची सवय होती, कापणीच्या दिवसांत दरवर्षी कुठे ना कुठे पिल्लं सापडतात. त्यांनी पिल्लांचे फोटो पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना पाठवले. डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लं धडधाकट आहेत, गाईचं दूध पाजू नका, अंधार पडायच्या आत होती तिथे नेऊन ठेवा, आई येईल.

"आई कशी घेईल?" दीर म्हणाले. "मानसाचा वास लागला त्यांना. मी हातात धरली, हिने जात्याभोवती फिरवली."

"काका, वासाने आई पिल्लू टाकत नाही," वनरक्षक म्हणाले. "ती शोधत असते. माणसं तिथे उभी राहिली तर मात्र येत नाही."

खरी अडचण दुसरी होती. पिल्लं होती तो तुकडा त्या संध्याकाळपर्यंत कापून होणार होता. मजूर लावलेले, आभाळ भरून आलेलं. तो तुकडा उभा ठेवला आणि रात्री पाऊस आला तर भात आडवं होऊन चिखलात जाणार. आणि जाऊने बियाण्यासाठी जी कणसं राखायची ठरवली होती ती नेमकी त्याच तुकड्यात होती. ती दरवर्षी शेताच्या मधलं, सारखं भरलेलं भात बियाण्याला काढते.

दिरांनी तिच्याकडे पाहिलं. बियाण्याचा शब्द तिचा, त्यात ते पडत नाहीत.

"लव्हाळ्याकडची एक पट्टी ठेवा," ती म्हणाली. "बाकी कापा. बियाचं आधी कापा."

तसं झालं. पट्टीत पिल्लं बांबूच्या टोपलीत ठेवली, टोपली आडवी टाकून, म्हणजे आईला तोंड घालता यावं. वनरक्षकांनी कुत्रा बांधून ठेवायला सांगितलं, आणि आम्ही सगळे घरी आलो. रात्री पाऊस थोडाच पडला. सकाळी आम्ही गेलो तर टोपली रिकामी होती.

"कोल्ह्यानं नेली असतील," दीर म्हणाले.

ओल्या मातीत ठसे होते. मी वाकून पाहिले. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या पायाच्या ठशात बोटांपुढे नखांची टिंबं उठतात, कारण त्यांची नखं कायम बाहेर असतात. मांजर चालताना नखं आत ठेवतं, त्याचा ठसा गोल आणि बिननखाचा. हे ठसे गोल होते. टोपलीपर्यंत येऊन बांधाकडे गेलेले, पुन्हा आलेले, पुन्हा गेलेले. आई दोन खेपा करते, कारण तोंडात एका वेळी एकच पिल्लू मावतं. आपल्याकडे म्हणतात ना, की मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं. त्यामागे हीच रानातली रीत आहे, एका जागी वास साठला किंवा कुणाची चाहूल लागली की जागा बदलायची. घरातल्या मांजरातून ती गेलेली नाही.

पट्टीतलं थोडं भात पावसाने लोळलं, ते त्यांनी खायला घेतलं. बियाणं वाळलं, कणगीत गेलं. आणि खोलीत उंदीर होतेच.

मुरुडहून एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन येते. जाऊने तिला मांजराचं विचारलं. तिने पाटी खाली ठेवली आणि हसली.

"बंदरावर मांजरांना काय तोटा? पन माझ्या मांजराला मासळीची सवय. तुझं भात राखील का?"

"भात नको खाऊ दे. उंदीर खाऊ दे."

"आनते. मंग परत आली तर मला बोलू नको."

तिने आणली ती साडेतीन-चार महिन्यांची मांजरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. मी आधीच निरोप धाडला होता, की जिला लहानपणापासून पोरांनी हाताळलं आहे अशीच आण. कारण घरच्या मांजराचं पिल्लूही जन्मतःच माणसाळलेलं नसतं. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत माणसाचा हात लागला तर ते माणसाला आपलं मानतं, नाहीतर मोठेपणी रस्त्यावरच्या बुजऱ्या मांजरासारखं होतं. रक्तातला धीटपणा आणि लहानपणीचा हात, दोन्ही लागतं. खाजणातल्या त्या पिल्लांना दुसरं देता आलं असतं, पहिलं नाही.

मांजरी आणली त्या दिवशी जाऊने तिलाही जात्याभोवती फिरवलं. मी काही बोलले नाही. पण मी तिला सांगितलं, की जात्याने भागणार नाही, हिला काही आठवडे कणगीच्या खोलीतच बंद ठेव. पाणी, थोडं मासळीचं आणि कोपऱ्यात राखेचं घमेलं. कुत्रा नव्या घरात माणसाला धरून राहतो, जिथे आपली माणसं तिथे त्याचं घर. मांजर आधी जागा धरतं. ती जागा तिच्या अंगाच्या वासाची झाली, कुठे लपायचं आणि कुठून पळायचं हे कळलं, की मग ती माणसांकडे बघते. त्याआधी सोडली तर मुरुडच्या वाटेला लागेल, नाहीतर रस्त्यावर जाईल.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी दिरांनी दार उघडं टाकलं. त्यांना वाटलं, जनावर कोंडून ठेवणं बरं नव्हे. ते दारात उभे राहून "यू यू" करून तिला हाक मारत होते, कुत्र्याला मारतात तशी. मांजरी दिसेना. जाऊ माझ्याकडे पळत आली.

"गेली आक्का. ह्यांनी सोडली. आता मुरुडला पोचली बी असंल."

"मी तिला हवा खायला दार उघडलं," दीर म्हणाले.

"तिने सांगितलं व्हतं का, मला हवा खायची हाय म्हनून?"

आम्ही दोघींनी परस पाहिलं, रस्ता पाहिला. कोळणीला फोन झाला, तिने "मी सांगितलं व्हतं" एवढंच म्हटलं. मग मला सुचलं, की नवीन जागेत घाबरलेलं मांजर उघड्यावर जातच नाही, ते जवळात जवळच्या अडचणीत घुसून गप्प बसतं. विजेरी घेऊन मी त्याच खोलीत परत पाहिलं. कणगीच्या मागे, भिंत आणि कामट्या यांच्यातल्या फटीत, दोन डोळे चमकले. ती तिथेच होती. आम्ही बाहेर तिच्या नावाने शंख करत होतो आणि ती सगळं ऐकत होती.

तुमचं मांजर सोफ्याखाली आहे ते याच कारणाने. ते रुसलेलं नाही. ते तुमच्या घराचा नकाशा करतं आहे, आणि सोफ्याखालून तो सर्वात सुरक्षित होतो. त्याला ओढून काढू नका. शेजारी जमिनीवर बसून आपलं काहीतरी वाचत राहा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. आपण डोळे वटारून बघतो त्याला मांजर आव्हान समजतं. शेपटीचंही लक्षात ठेवा. कुत्रा शेपटी हलवतो तेव्हा बहुधा खूश असतो. मांजर शेपटी जोरात आपटतं तेव्हा त्याला एकटं सोडायचं. शेपटी काठीसारखी सरळ वर करून आलं, की ते नमस्कार करतं आहे. आणि ते तुमच्याकडे बघून म्याव करायला लागलं की समजा जमलं. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारताना करतं, आणि मोठं मांजर माणसाला.

जावेच्या कुत्र्याला हे शेपटीचं कळायला वेळ लागला. डिसेंबरात मांजरीला खोलीबाहेर सोडलं तेव्हा ती पडवीत शेपूट आपटत बसली होती, आणि तो आनंदाने आपली शेपटी हलवत तिच्या तोंडापर्यंत गेला. त्याच्या नाकावर अजून व्रण आहे. त्यानंतर तो तिच्या बाजूने जाताना भिंतीकडे बघत जातो.

मांजरीने काम केलं का, तर केलं, पण जाऊला पाहिजे तसं नव्हे. तिला वाटलं होतं, रोज मेलेला उंदीर दारात दिसेल. मोठ्या घुशीच्या वाटेला मांजर जात नाही, घूस तिला भारी पडते. ती उंदरांची लहान पिल्लं उचलते, आणि तिचा वास आणि वावर असला की मोठे उंदीर उघड्यावर कमी येतात. घुशीचं बीळ दिरांनी दगड आणि सिमेंट घालून बुजवलं. त्यांनी मग उंदीर चढू नयेत म्हणून कणगीच्या बुडाभोवती गुळगुळीत पत्र्याची पट्टीही मारली, आणि ती कल्पना आपलीच असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं. मांजरी दिवसभर कणगीच्या झाकणावर झोपलेली असायची. कुत्र्यासारखं इकडून तिकडे धावून काम करताना ती कुणाला दिसली नाही. ती एका भोकासमोर तासभर न हलता बसते आणि एकदाच उडी मारते. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याची पद्धत ती तशीच.

"झोपायचा पगार घेते," जाऊ म्हणायची. 

मार्चमध्ये कोळंबीवाला तिसऱ्यांदा आला. पडवीत चहा घेतला, नकाशा उघडला. दीर त्याला म्हणाले, जूनपर्यंत थांबा, बी कसं निघतं ते बघून सांगतो. जाऊ आत चहाची भांडी जरा मोठ्याने घासत होती.

मृग लागायच्या आधी तिने कणगी उघडली. मला बोलावलं होतं. झाकण काढायला मांजरीला उठवावं लागलं, ती नाराजीने माळ्यावर गेली. जाऊने कोपरापर्यंत हात घालून तळाचं भात वर काढलं, सुपात घोळलं, आणि दाणे तळहातावर घेऊन दाराच्या उजेडात गेली. एकेक दाणा अंगठ्याने फिरवून कोंबाची जागा बघत होती. कडेला, जिथे गेल्या वर्षी कुत्र्याने भगदाड पाडलं होतं तिथलं लिंपण थोडं सुटलं होतं आणि तिथून काही खाल्लेलं होतं. बाकी सगळं धडधाकट.

तिने मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवलं. दोन दिवसांनी मला फडकं उघडून दाखवलं. जवळजवळ प्रत्येक दाण्याला पांढरा मोड होता. चांगला पाऊस होऊन खारजमिनीतलं मीठ धुऊन गेलं, तसं तिने सगळं बी पोत्यात भिजत घातलं. मोड आल्यावर ते चिखलावर फेकलं. खाडीकडच्या खालच्या तुकड्याला थोडं कमी पडलं. तिथे नंतर दाट उगवलेल्या जागेची रोपं उपटून लावली.

"मांजरीमुळे वाचलं," पेरणी संपली त्या दिवशी मी म्हटलं.

"माझ्या लिंपनामुळे," ती म्हणाली. "त्ये काय, झोपतंय नुस्तं."

त्याच संध्याकाळी दिरांनी शर्ट चढवला आणि कोळंबीवाल्याला नाही सांगायला निघाले. फोनवर सांगणं त्यांना बरं वाटलं नाही, माणूस तीनदा घरी येऊन चहा पिऊन गेलेला. त्यांनी स्कूटर सुरू केली तसा कुत्रा उठून उभा राहिला आणि फाट्यापर्यंत धावत गेला. मांजरी पडवीच्या कठड्यावर होती. स्कूटरच्या आवाजाकडे तिने एक कान वळवला, डोळे उघडले नाहीत.